हातात ठेवा म्हणायचं आणि गेटवर हातातूनच काढून घ्यायचं

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात शाळा-कॉलेजातली मुलं आहेत आणि जे सुट्टीत विमानाने जातात, त्यांनी वेळ काढून वाचावी.

माझी बहीण आणि पंधरा वर्षांचा भाचा दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला तिच्या जाऊबाईंकडे गेले होते. भाच्याकडे निन्टेंडो स्विच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल. वजन साधारण चारशे ग्रॅम, किंमत तीस हजारांच्या घरात. वर्षभराचे वाढदिवसाचे, राखीचे, आजोबांनी दिलेले पैसे साठवून त्याने घेतलेला. जाताना काही झालं नाही. येताना मुंबईपर्यंत सगळं नीट आलं. मुंबईहून आमच्या गावाजवळच्या छोट्या विमानतळावर येणारं शेवटचं विमान लहान होतं. गेटवर कर्मचारी म्हणाले, "वरच्या कप्प्यात जागा नाही, केबिन बॅग खाली जातील." भाच्याच्या बॅगेला टॅग लागला, बॅग गेली. उतरल्यावर मिळाली तेव्हा पुढच्या कप्प्याची चेन उघडी. स्विच गायब. त्याच कप्प्यातली पॉवर बँक मात्र जागेवर होती.

ही पॉवर बँक लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

तक्रार केली तेव्हा काउंटरवरचं उत्तर ठरलेलं होतं: "चेक-इन सामानातल्या मौल्यवान आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जबाबदारी कंपनीची नाही. टॅगच्या मागे छापलंय." बहीण म्हणाली, "अहो, पण आम्ही चेक-इन केलीच नव्हती, तुम्ही घेतलीत ना?" त्यावर, "मॅडम, टॅग लागला की ते चेक-इन."

या एका वाक्यावर माझा आक्षेप आहे. तो का आहे हे कळायला आधी नियम काय म्हणतो ते बघू.

कन्सोलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. विमानात अशा बॅटरीची मर्यादा मोजतात वॉट-तासांत. हिशेब सोपा आहे. बॅटरीवर लिहिलेले मिलीअँपिअर-तास गुणिले व्होल्ट, भागिले हजार. स्विचची बॅटरी ४३१० आणि ३.७ व्होल्टची, म्हणजे साधारण १६ वॉट-तास. स्टीम डेकची ४०, त्याच्या ओएलईडी मॉडेलची ५०. नेहमीची वीस हजारांची पॉवर बँक म्हणजे ७४. शंभरपर्यंत कुणाला विचारावं लागत नाही. शंभर ते एकशे साठमध्ये विमान कंपनीची आधी परवानगी लागते. त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे हातातला कुठलाही कन्सोल आरामात बसतो, पण 'तीस हजार' लिहिलेली पॉवर बँक १११ वॉट-तासांची होते आणि तिथे अडकते. जिच्यावरचे आकडे पुसले गेलेत अशी पॉवर बँकही तपासणीत काढून घेतली जाऊ शकते, कारण ती किती क्षमतेची हे तुम्हाला दाखवता येत नाही.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक सामानाच्या पोटात, म्हणजे चेक-इनमध्ये, चालत नाहीत. त्या केबिनमध्येच हव्यात. कन्सोलसारखं बॅटरी आत असलेलं यंत्र शक्यतो केबिनमध्येच न्यायचं. खाली पाठवायचंच झालं तर पूर्ण बंद करून, झोपवून नव्हे, आणि दाबलं-आपटलं जाणार नाही असं बांधून. कारण साधं आहे. लिथियम बॅटरी बिघडली की आतल्या आत तापत जाते आणि पेटते, तिला बाहेरून ठिणगी लागत नाही. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी दोन मिनिटांत पाणी ओततात. खाली पोटात ती पेटली तर कुणाचा हात पोहोचत नाही.

ही भीती कागदावरची नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. माणसं घसरगुंडीवरून बाहेर पडली म्हणून वाचली, विमानाचं छप्पर जळून गेलं. वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेकडे बोट दाखवलं गेलं. १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी घातली, ती अंगावर किंवा सीटजवळ हवी. १ एप्रिलपासून सिंगापूर एअरलाइन्सने विमानात पॉवर बँक वापरायला आणि चार्ज करायलाही मनाई केली. दोन महिन्यांत नियम बदलले. का, तर वरच्या कप्प्यात बंद असलेली आगसुद्धा उशिरा कळते.

आता भाच्याच्या बॅगेकडे परत या. त्या बॅगेत ७४ वॉट-तासांची पॉवर बँक होती. गेटवर बॅग घेताना ती काढायला कुणी सांगितलं नाही. "आत बॅटरी आहे का?" एवढे चार शब्द कुणी विचारले नाहीत. नियम स्पष्ट आहे: केबिन बॅग गेटवरून खाली पाठवायची झाली तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक काढून प्रवाशाच्या हातात राहिल्या पाहिजेत. जगभर हाच नियम आहे. म्हणजे त्या दिवशी त्या विमानाच्या पोटात कायद्याने नको असलेली वस्तू गेली आणि ती कंपनीच्या माणसाने स्वतःच्या हाताने पाठवली. आमची चोरी झाली हा आमचा तोटा. पॉवर बँक खाली गेली हा त्या विमानातल्या प्रत्येकाचा प्रश्न होता.

म्हणून मी म्हणतो की चोरी आणि आग हे एकाच चुकीचे दोन परिणाम आहेत. गेटवर विचारलं असतं तर भाच्याने पॉवर बँक काढताना स्विचही काढला असता.

यातून आमच्या घराने घेतलेला धडा सांगतो. कन्सोल, पॉवर बँक, चार्जर आणि गेमची कार्डं हे सगळं एका वेगळ्या पाऊचमध्ये, आणि तो पाऊच बॅगेत सगळ्यात वर. गेटवर कुणी टॅग घेऊन आलं की दहा सेकंदांत पाऊच बाहेर, गळ्यात. बॅग जाऊ दे. कपडे कुणी चोरत नाही. लहान विमान असेल तर हे होणारच असं धरून चाला, कारण त्यांचे वरचे कप्पे खरंच छोटे असतात. चाकाची केबिन बॅग त्यात बसत नाही. त्यात कर्मचाऱ्यांचा दोष नाही.

वजनाचं म्हणाल तर इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी सात किलो. स्विचसारख्या यंत्राला अडचण नाही. अडचण प्लेस्टेशनवाल्यांना. पीएस-५ स्लिम डिस्कवाला सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे निम्मं वजन तिथेच संपलं. त्याच्या मुख्य डब्यात मोठी बॅटरी नसते, त्यामुळे तो खाली पाठवणं नियमात बसतं. पण मग आतली डिस्क काढून, कपड्यांच्या मधोमध ठेवून पाठवा. कंट्रोलरमध्ये बॅटरी आहे, तो हातात. आणि खालून गेलेल्या वस्तूची भरपाई किती मिळते ते पुढे वाचा, मग ठरवा.

आता सिक्युरिटी चेक. लॅपटॉपसारखाच कन्सोल वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवायचा. पॉवर बँक आणि चार्जरही. क्ष-किरणांत दाट वस्तू एकावर एक आल्या की पडद्यावर गडद ठिपका दिसतो, आत काय आहे कळत नाही, आणि बॅग बाजूच्या पट्ट्यावर ढकलली जाते. चार्जरची गुंडाळलेली वायर कन्सोलच्या वर ठेवली तर हमखास हेच होतं. बॅग वळली म्हणजे काही गुन्हा नाही, फक्त उघडून दाखवायची. काही देशांत यंत्र चालू करून दाखवायला सांगतात. म्हणून अर्धी तरी बॅटरी भरलेली असावी.

पण खरा धोका यंत्रात नाही, अंतरात आहे. ट्रे पट्ट्यावरून आत गेला की तुमचं सामान पलीकडे पोहोचतं आणि तुम्ही अलीकडे रांगेत असता. पुरुषांची अंगझडती उघड्यावर होते, निदान मान वळवून ट्रे बघता येतो. बायकांची झडती पडद्याआडच्या खोलीत होते. ते योग्यच आहे. पण त्या वेळात बहिणीला तिचा लॅपटॉप, पर्स, मुलाचा कन्सोल, काहीच दिसत नाही. रांग लांब असेल तर पाच-सात मिनिटं. पलीकडे एकाच रंगाचे वीस ट्रे आणि घाईतली माणसं. दर वेळी चोरीच होते असं नाही, कित्येकदा कुणीतरी चुकून दुसऱ्याचा ट्रे उचलतं. वस्तू मात्र जाते ती जातेच.

उपाय साधा आहे. आपल्या पुढे एकच माणूस राहीपर्यंत ट्रे पट्ट्यावर ढकलायचा नाही. मागचा कितीही घाई करो. दोघं असाल तर एकाने आधी पलीकडे जायचं, मगच दुसऱ्याने दोघांचं सामान सोडायचं. ट्रेचा फोटो काढायची गरज नाही, पण कन्सोलवर एक ठळक स्टिकर असू द्या, म्हणजे चुकून उचलणाऱ्यालाही कळतं. आणि ट्रे सापडला नाही तर तिथून हलू नका. त्याच जागी सीआयएसएफच्या माणसाला सांगा. कॅमेरे तिथेच आहेत, ट्रे कुणी उचलला ते दिसतं. तासाभराने गेटवर जाऊन आठवलं तर उचलणारा माणूस विमानात बसलेला असतो.

चार्जरचं थोडक्यात सांगतो, कारण यात लोक विनाकारण पैसे घालवतात. निन्टेंडोचे कन्सोल आपल्याकडे बहुतेक आयात दुकानांतून येतात. त्यामुळे चार्जरला कधी अमेरिकेच्या चपट्या दोन पिना, कधी हाँगकाँग-दुबईच्या चौकोनी तीन. भाच्याच्याला चपट्या होत्या. सिंगापूरला चौकोनी तीन पिनांचं सॉकेट आणि २३० व्होल्ट. घरात चर्चा झाली, "व्होल्टेज कन्व्हर्टर घ्यावा लागेल का?" नाही. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. 'इनपुट'पुढे १०० ते २४० व्होल्ट असेल तर तो जगात कुठेही चालतो, फक्त पिनांचा आकार बदलावा लागतो. ती पिन दोनशे-तीनशे रुपयांत मिळते. स्विच, स्टीम डेक यांचे मूळ चार्जर असेच आहेत. जर १०० ते १२७ असं काही लिहिलं असेल, जसं अमेरिकेतून आणलेल्या जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या ठोकळ्यावर असतं, तर नुसती पिन बदलून आपल्या २३० व्होल्टला लावलात की तो गेला. पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आणखी एक. मोबाइलच्या चार्जरवर स्विच हळूहळू चार्ज होतो, पण डॉकला लावून टीव्हीवर चित्र येत नाही, कारण तिथे त्याला १५ व्होल्ट लागतात आणि साधा मोबाइल चार्जर ५ देतो. परदेशी हॉटेलात "बिघडला वाटतं" म्हणून मुलं रडकुंडीला येतात ती बऱ्याचदा एवढ्यासाठी. मूळ चार्जर न्या. आणि ढिल्या पिनेत ठिणगी दिसली, चार्जर हाताला चटका बसण्याइतका गरम झाला, तर काढा. पिन बदला.

आता पैशाचं, म्हणजे मूळ भांडणाचं.

देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, खराब झालं, तर विमान कंपनीची जास्तीत जास्त जबाबदारी प्रवाशामागे वीस हजार रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत २००९ पासून त्यात आहे. तिथली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. आणि त्या कराराचं कलम २६ म्हणतं की कंपनीला जबाबदारीतून सोडवणारी किंवा मर्यादा खाली आणणारी अट टाकली तर ती अट रद्दबातल.

इथे आमची चूक झाली आणि ती तुमची होऊ नये म्हणून सांगतो. मुंबई-सिंगापूर तिकीट वेगळं आणि मुंबई-गाव तिकीट वेगळं, असं काढलं होतं. बाराशे रुपये वाचले. तेच एका तिकिटावर असतं, तर सिंगापूरपासून घरापर्यंत साधारणपणे एकच अखंड आंतरराष्ट्रीय प्रवास धरला जातो, शेवटचा देशातला टप्पाही त्यातच. मग वीस हजारांऐवजी ती मोठी मर्यादा आणि कलम २६ दोन्ही आमच्या बाजूने आले असते. वेगळ्या तिकिटामुळे शेवटचा टप्पा निव्वळ देशांतर्गत ठरला. तीस हजारांची वस्तू, वीस हजारांची मर्यादा, आणि त्यातही "इलेक्ट्रॉनिक वस्तू आमच्याकडे नाहीत."

चोरीनंतर काय केलं? विमानतळ सोडायच्या आधी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार आणि तिची प्रत. टॅगचा फोटो. सात दिवसांच्या आत कंपनीला लेखी. पोलिसांत तक्रार. आणि पोलिसांत पहिला प्रश्न आला, "सीरियल नंबर?" तो यंत्राच्या तळाशी असतो, सेटिंग्जमध्ये असतो, खोक्यावर असतो. यंत्र गेलेलं, खोकं गणपतीत रद्दीत दिलेलं. दुसरा प्रश्न, "बिल?" दुकानदाराने दिलेल्या कागदावर नुसतं 'गेम १ नग' लिहिलेलं. नशिबाने भाच्याने एकदा मित्राला फोटो पाठवला होता, त्यात नंबर दिसत होता. तुम्ही नशिबावर राहू नका. आज रात्री सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. बिलावर मॉडेल आणि नंबर लिहूनच घ्या.

आणि एक गोष्ट पोरांना माहीत असते, आपल्याला नाही. भाचा स्विचसाठी जेवढा रडला नाही तेवढा 'सेव्ह'साठी रडला. स्विचमध्ये गेम किती खेळून झाला याची नोंद मेमरी कार्डावर नसते, यंत्राच्या पोटातच असते. पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन सेवेत तिची प्रत राहते, पण सगळ्या गेमची नाही. पोकेमॉनचे मुख्य गेम त्यात येत नाहीत. दोन वर्षांचे पोकेमॉन गेले ते गेलेच. ज्याला ही बाब क्षुल्लक वाटते त्याने स्वतःच्या फोनमधले फोटो आठवून बघावेत. स्विचला फोनसारखं कुलूपही नसतं, कुणीही एकच बटण तीनदा दाबून उघडतो. त्यामुळे यंत्र गेल्याबरोबर दुसऱ्या फोनवरून खात्याचा पासवर्ड बदलायचा आणि तिथे साठवलेलं कार्ड काढून टाकायचं. हे आम्ही विमानतळावरच्या खुर्चीत बसूनच केलं.

काहीजण म्हणतील, "खेळणं न्यायचं कशाला?" ठीक. मग कॅमेरा न्यायचा नाही, टॅबलेट न्यायचा नाही, ऐकायचं यंत्र न्यायचं नाही. हा प्रश्न खेळण्याचा नाही. ज्याच्यात बॅटरी आहे अशा प्रत्येक महाग वस्तूचा आहे.

माझं म्हणणं तीन वाक्यांत मांडतो. एक, गेटवर केबिन बॅग घेताना "बॅटरी, पॉवर बँक, मौल्यवान वस्तू काढून घ्या" असं प्रत्येक प्रवाशाला तोंडी सांगणं आणि त्यासाठी दोन मिनिटं देणं बंधनकारक करा, आणि ते न केल्याचा दंड कंपनीला. दोन, जी बॅग प्रवाशाने स्वतः चेक-इन केली नाही, कंपनीने गेटवर मागून घेतली, तिला 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी नाही' ही अट लागू होता कामा नये. तीन, बायकांच्या झडतीच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत त्यांचा ट्रे वेगळा बाजूला ठेवला जावा. यातल्या कशालाच नवं यंत्र लागत नाही.

आमची तक्रार एअरसेवा पोर्टलवर गेली आहे, ग्राहक आयोगात जायची तयारी आहे. वीस हजार मिळाले तरी भाच्याचे दहा हजार आणि ते पोकेमॉन गेलेच. पण "टॅग लागला की ते चेक-इन" हे वाक्य कुणीतरी एकदा लेखी सिद्ध करून दाखवावं, एवढ्यासाठी भांडतोय.

तुमच्या बॅगा गेटवर घेतल्या तेव्हा बॅटरीबद्दल विचारलं होतं का? हो किंवा नाही, आणि कुठला विमानतळ, एवढं खाली लिहा. तक्रारीला जोडायला उपयोगी पडेल.